वहिनीची वही

दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनीला मराठीतली पाच-सहा वाक्यं येत होती आणि त्यातली निम्मी रिक्षावाल्यांशी बोलायची होती. ती कोइमतूरची, माहेरी तमिळ. आईला इंग्रजी जेमतेम कळतं, त्यामुळे मराठी शिकायचं वहिनीनंच ठरवलं आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच, की मी संध्याकाळी सहाला घरी असते. व्याकरणाशी माझा संबंध दहावीच्या पेपरानंतर सुटला होता.

दुसऱ्याच आठवड्यात ती आईला म्हणाली, "माझी छत्री बागात राहिली." मी म्हटलं, बागेत. पुढे "शाळात" आलं, मी म्हटलं शाळेत. "भिंतावर" आलं, मी म्हटलं भिंतीवर. चौथ्या वेळेला तिनं हात जोडले. "घर, घरात. गाव, गावात. मग बाग, बागात का नाही?"

मला उत्तर येईना. ‘तसंच म्हणतात’ हे काही उत्तर नव्हे. तिनं कागदावर मांडून दाखवलं: घर अधिक आत, म्हणून घरात. तिचा तर्क बिनतोड होता. ‘आत’ हा शब्द मराठीत आहे आणि त्याचा अर्थही तोच आहे. क्षणभर मलाही ते खरंच वाटलं.

रात्री शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवून पाहिला. सप्तमी: त, ई, आ. म्हणजे घरातमधला प्रत्यय नुसता ‘त’. मग मधला ‘आ’ कुठून आला? घराला, घराने, घराचा, घरापाशी, घरासमोर असं लिहीत गेले आणि चक्क हसू आलं. तो ‘आ’ सगळीकडेच आहे. म्हणजे प्रत्यय लागायच्या आधीच ‘घर’चं ‘घरा’ होतं आणि मग त्याला काय हवं ते चिकटतं. यालाच शाळेत सामान्यरूप म्हणायचे. पाच मार्कांसाठी पाठ केलेली ही गोष्ट मी त्यानंतर रोज वापरत होते, पण बघितली अशी कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं तर तिला अर्ध्या मिनिटात कळलं. तमिळमध्ये घराला वीडु म्हणतात, पण घरात म्हणायचं तर वीट्टिल. झाड म्हणजे मरम्, झाडात म्हणजे मरत्तिल. शब्द आधी अंग बदलतो आणि मग प्रत्यय घेतो, यात तिला नवल काहीच नव्हतं. तिला फक्त हवं होतं, की अंग कसं बदलायचं ते आधी ओळखायचं कसं.

आम्ही वही केली. सुरुवातीला शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून रकाने पाडले आणि पहिल्याच पानावर अडलो. घर, हात, बाग, भिंत हे सगळे अकारान्तच, पण रूपं घरा, हाता, बागे, भिंती. मग लिंग धरून मांडलं. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द बरेचसे एका वळणाचे निघाले: हात हाताला, झाड झाडाला. आकारान्त पुल्लिंगी असेल तर ‘या’ येतो, घोडा घोड्याला, रस्ता रस्त्यात. नपुंसकातलं डोकं आणि पाणीही त्याच वाटेनं जातात, डोक्यात, पाण्यात. आमचं गावसुद्धा यातच बसलं: पुणे, पुण्यात. आकारान्त स्त्रीलिंगी मात्र ‘ए’ घेते: शाळा शाळेत, भाषा भाषेत. शेवटी ऊ असला की बहुतेक वेळा ‘वा’, भाऊ भावाला, विंचू विंचवाला, कुंकू कुंकवाला. पण गुरू आणि शत्रू संस्कृतातून तसेच आलेले, ते हलत नाहीत. वासरू तर आपला ऊ टाकूनच देतं: वासराला.

नियम हातात आल्यावर माणूस तो सगळीकडे लावून बघतो. एका रविवारी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "थांबा, आधी बाब्यांना चहा देते." बाबांनी पेपर खाली घेतला. दादा उठून गॅलरीत गेला. तिच्या हिशेबानं घोडा घोड्याला, तसं बाबा बाब्यांना. नात्याचे शब्द, म्हणजे काका, मामा, दादा, आजोबा, हे बदलत नाहीत. काकाला, मामाला, बाबांना. राजाही तसाच, ‘राज्याला’ म्हटलं तर ते महाराष्ट्र राज्याला होतं. शिवाय नावापुढे ‘या’ लावणं ही आपल्याकडची खास लाडाची नाहीतर शिवीची पद्धत, सुऱ्या, पक्या, बाब्या. हे तिला समजावून सांगताना माझा वेळ गेला, कारण बाबा अजून हसत होते.

खरा घोळ अकारान्त स्त्रीलिंगीचा होता. बाग बागेत, पण भिंत भिंतीत. वाट वाटेत, पण विहीर विहिरीत. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त, आणि शब्दकोश उघडला तर तिथे लिंग कळतं, पुढचं कळत नाही. तीन दिवस मी तिला सांगत राहिले की हे पाठच करावं लागेल. ही किल्ली सापडली ती तिला. तिच्या वहीत एकवचनाशेजारी अनेकवचनाचा रकाना होता आणि ती बोटानं खाली खाली जात म्हणाली, "हे बघ. बागा, वाटा, खाटा, सुना. यांचं बागेत, वाटेत, खाटेवर, सुनेला. आणि भिंती, विहिरी, बहिणी, गोष्टी. यांचं भिंतीवर, विहिरीत, बहिणीला, गोष्टीत."

मी डोक्यात येतील तेवढे शब्द तिच्यावर फेकले. जीभ: जिभा, जिभेवर. इमारत: इमारती, इमारतीत. जखम: जखमा, जखमेवर. सवय: सवयी, सवयीने. चप्पल: चपला, चपलेने. सगळे बसले. अनेकवचन ‘आ’वर संपत असेल तर सामान्यरूप ‘ए’वर, अनेकवचन ‘ई’वर संपत असेल तर सामान्यरूपही ‘ई’वर. अनेकवचन तिला ऐकून ऐकून येत होतंच, त्यामुळे निम्मं काम आयतं झालं होतं. भूक, झोप, तहान यांची अनेकवचनं कोणी रोज करत नाही, तेवढे शब्द मात्र भुकेने, झोपेत, तहानेने असे पाठच करावे लागले.

आणि मग ‘चूक’ आली. अनेकवचन चुका. नियमानं चुकेचं. पण आपण म्हणतो चुकीचं, चुकीने, चुकीला. वहिनीनं पान रंगवायची लाल पेन्सिल घेतली आणि त्या शब्दाभोवती मोठं वर्तुळ काढलं. चूक या शब्दानंच नियम मोडावा, याचा तिला कोण आनंद झाला होता.

त्या पानानंतर तिला या गोष्टीचा नादच लागला. सामान्यरूपावरून लिंग उघडं पडतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. मान म्हणजे आदर, तो पुल्लिंगी, म्हणून मानाने बोलावलं. मान म्हणजे गळ्यामागची, ती स्त्रीलिंगी, म्हणून मानेने होकार दिला. धड्याचा पाठ तो पाठात, अंगाची पाठ ती पाठीवर. माळरानाचा माळ असेल तर माळावर, मण्यांची असेल तर माळेत. अंगठी बोटात, माणसं बोटीत. सगळ्यात तिला आवडला तो वेळ. "थोड्या वेळाने ये" यातला वेळ पुल्लिंगी आहे, "वेळेवर ये" यातली वेळ स्त्रीलिंगी आहे, आणि घरातल्या कोणालाही हे ठाऊक नव्हतं. दादा म्हणाला, आम्ही तर दोन्ही वेळा उशिराच येतो.

बोलणं रुळल्यावर ती लिहायला लागली आणि नवाच त्रास सुरू झाला. शब्दकोशात तिनं ‘दुध’ शोधलं, मिळालं नाही. ‘दुधात’वरून मागे जाऊन शब्द बांधला होता. प्रत्यय लागताना शेवटून दुसरं अक्षर दीर्घ ई किंवा ऊ असेल तर ते ऱ्हस्व होतं: दूध दुधात, मीठ मिठाने, फूल फुलाला. काही शब्दांत तर तो ऊ मधून गळूनच पडतो, माणूस माणसाला, कापूस कापसाचा, किंवा त्याचा व होतो, पाऊस पावसात, देऊळ देवळात. किंमतीवरचा अनुस्वारसुद्धा जातो: किमतीत. (पाहा, मी आत्ताच चुकले. ‘किमतीवरचा’ हवं होतं. हे असं चालतं.) संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र दीर्घच राहतात, शरीर शरीरात, गीत गीतात. ते ओळखायचे कसे, याला माझ्याकडे आडाखाच होता. एक जोडी मात्र चांगली सापडली: भाकरीचं पीठ असेल तर पिठात, आणि शिकायचं पीठ असेल तर विद्यापीठात.

पैसा, खिसा, घसा, मासा यांच्यात ‘स्या’ न होता ‘शा’ होतो, पैशाला, खिशात, घशात, माशाला. हे तिनं कानानंच उचललं होतं, मला शिकवावं लागलं नाही.

आता वहीची शेवटची चार पानं तेवढी राहिली आहेत, इंग्रजी शब्दांची आणि नावांची. बँक मराठीत पुरती मुरली, बँका, बँकेत. टेबलही मुरलं, टेबलावर. फोन मात्र हटून बसलाय: फोनवर म्हणतो, फोनावर कोणी म्हणत नाही. माणसांच्या नावांचंही तसंच होत चाललंय. रामाला अजून चालतं, पण रमेशला रमेशाला म्हटलं तर रमेश वळून बघायचा नाही. अशा शब्दांना आपण ‘मध्ये’ जोडून मोकळे होतो, फ्रीजमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे अंग बदलायची भानगडच नाही. वहिनीला ही पळवाट कळल्यावर तिनं आठवडाभर ‘घरमध्ये’, ‘शाळामध्ये’ असं करून पाहिलं, पण आईनं ते घरामध्ये, शाळेमध्ये असं दुरुस्त करून परत केलं. पळवाट फक्त बाहेरच्या शब्दांपुरती आहे.

गेल्या शनिवारी ‘रिक्षा’वरून वाद झाला. आईचं म्हणणं, शाळा शाळेत तशी रिक्षा रिक्षेत. दादा म्हणाला, मी जन्मभर रिक्षात बसतोय, रिक्षेत कधी बसलो नाही. बाबांनी दोन्ही चालतं म्हणून हात झटकले. वहिनीनं वहीत दोन्ही रूपं लिहून घेतली, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पर्स उचलली.

"मी बसने जाते," ती म्हणाली. "बस बदलत नाही."