‘मागे’चं ‘आगे’ झालं त्या दिवशी

अंधेरीच्या एका कॅन्टीनमध्ये आमचा ट्रॉली-रोबोट खरकटी ताटं नेतो. परवा भांडी घासणाऱ्या मावशी त्याला म्हणाल्या, “मागे हो रे,” आणि तो सरळ पुढे येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकला. बंपर दबताच थांबला, म्हणून लागलं नाही. पण माझ्या पोटात गोळा आला.

त्याने काय ऐकलं याच्या लॉगमध्ये शब्द होता ‘आगे’. इयरफोन लावून तोच तुकडा चार-पाच वेळा ऐकला. खरंच ‘आगे’च ऐकू येत होतं, ‘म’चा मागमूस नाही.

‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात, आवाज नाकातून येतो आणि त्याचा बहुतेक जोर खालच्या सुरात असतो. एक्झॉस्ट पंख्याची घरघरही तिथेच. ती कापायला मी ३०० हर्ट्झच्या खालचे सूर अडवणारा हाय-पास फिल्टर लावला होता. घरघरीबरोबर ‘म’चंही अंग गेलं. वर, कुणी बोलायला लागलं हे ओळखणारा भाग आवाज पुरेसा चढल्यावरच जागा व्हायचा, म्हणजे ‘आ’पासून. शब्दाचं डोकं दोन ठिकाणी उडालं होतं.

तरी नुसतं मराठी असताना हे कधी जाणवलं नव्हतं. रोबोटच्या आज्ञांच्या यादीत अर्धवट ‘आगे’ला जवळचा शब्द एकच होता, ‘मागे’. मग वाढपी मुलं ‘आगे चल’ म्हणतात म्हणून हिंदी आज्ञा त्याच यादीत घातल्या, आणि एका व्यंजनाच्या फरकाने उलट अर्थाचे दोन शब्द शेजारी येऊन बसले. आधी भाषा ओळखून मग यादी निवडावी, तर एकाच शब्दावरून भाषा कशी ओळखणार? त्यातून मावशी एका दमात “मागे हो, रुक रुक” म्हणतात.

फिल्टर १०० हर्ट्झवर आणला. शेवटचे ३०० मिलिसेकंद सतत साठवून ठेवायला लावले, म्हणजे बोलणं ओळखलं की त्याच्या आधीचा तुकडाही जोडला जातो. त्याच पंख्याचा आणि स्टीलच्या ताटांचा आवाज रेकॉर्ड करून सरावाच्या नमुन्यांत मिसळला. एसी मीटिंग रूममध्ये डेमो घेऊन ‘झालं’ म्हणणाऱ्यांनी एकदा दुपारी एक वाजता इथे उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

तरीही दोन्ही शब्दांना जुळणीचे गुण जवळजवळ सारखेच पडले, तर आता तो हलत नाही. “मागे की पुढे?” विचारतो. मावशींना ते पटलेलं नाही. “हात साबणात असतात, त्यात परत सांगत बसू का?” त्यांचं बरोबर आहे. ‘आगे’ काढून ‘सीधा’ ठेवावा, तर घाईत मुलांच्या तोंडी ‘आगे’च येतं. अजून काढलेला नाही.