रांगोळीने घासलेला रुपया

"वाटणीवरून तुमच्या घरी एवढं वाजलं होतं, मग बाबांचा तो जुना संग्रह शेवटी वाटला कसा?"

चिठ्ठ्या लिहून. पण तिथवर यायला सहा महिने लागले.

बाबा गेले तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या घरात पितळी समया, अडकित्ते, लंबकाचं घड्याळ आणि नाण्यांचा एक डबा होता. दादाने घड्याळ आधीच आपलं मानलं होतं, ताईने समया. डबा माझ्या वाट्याला, कारण तो कोणालाच नको होता.

मग जाणकाराला बोलावलं. घड्याळाचं यंत्र कधीतरी बदललेलं निघालं, म्हणजे किंमत फक्त लाकडी पेटीची. डब्यातल्या एका रुपयापाशी मात्र तो थांबला. सहावा जॉर्ज, साल १९३९. त्या सालचे रुपये फार थोडे सापडतात. पुढच्याच वर्षी रुपयातली चांदी ९१.७ वरून ५० टक्क्यांवर आणली गेली. त्याने वजन केलं, ११.६६ ग्रॅम. मग भिंगातून शेवटचा ९ बराच वेळ पाहिला, कारण १९३८च्या रुपयातला ८ कोरून ९ करणारे असतात. कोरलेल्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते. हा अस्सल होता. म्हणाला, एक लाख दहा हजार.

त्या रात्री डबा कोणाचा यावरून दादा आणि मी तीन घरांना ऐकू जाईल असे भांडलो. "डबा नको म्हणत होता ना बे तू?" एवढंच मी विचारलं होतं. (एवढंच नव्हतं.)

पुढच्या रविवारी दादाने नाणी रांगोळीने घासून लख्ख केली. भाव वाढेल म्हणून. जाणकाराने तिरप्या उजेडात तो रुपया धरला आणि एका दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे आम्हाला दाखवले. ऐंशी वर्षांची काळसर झाक गेली होती, ती परत आणता येत नाही. आता साठ हजार.

वकिलाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही तिघांनीही सोयीस्कर विसरलो होतो: मृत्युपत्र नाही, म्हणजे आईचाही हिस्सा. तीन नव्हे, चार सारखे भाग.

म्हणून चिठ्ठ्या. प्रत्येक वस्तूसाठी चौघांनी गुपचूप रक्कम लिहायची. सर्वांत जास्त लिहील त्याची वस्तू, आणि त्या रकमेचा पाव भाग बाकीच्या तिघांना प्रत्येकी द्यायचा. समया ताईकडे गेल्या, घड्याळ कोणी घेईना म्हणून माझ्याकडे आलं. रुपयावर ताईने पंचावन्न हजार लिहिले होते, मी साठ. आईने चिठ्ठी कोरी ठेवली होती.

दादाच्या चिठ्ठीवर ऐंशी हजार होते.

"जास्त लिहून राह्यला तू," ताई म्हणाली. तो काही बोलला नाही. तिघांच्या हातात वीस-वीस हजार ठेवले. आईने मात्र तिचे दोनदा मोजले.