३९ आणि १० यांच्या मधली वाट

*तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, दोघं आपापल्या आकड्यावर अडून बसले की तुम्ही मधला आकडा सांगून मोकळ्या का होत नाही?"*

कारण मध्यस्थाला आकडा एकदाच सांगता येतो. तो चुकीच्या वेळी सांगितला, की ज्याला तो परवडत नाही त्याच्या लेखी मी समोरच्याची झालेली असते. त्यानंतर माझ्या कुठल्याही बोलण्याला किंमत उरत नाही.

मधला आकडा योग्य असतो असंही नाही. सुरुवातीला जो जास्त ताणतो, त्याच्याकडे मध्य सरकतो. चाळीस लाखांचं येणं असताना कुणी व्याज, नुकसान आणि मनस्ताप धरून साठ मागितले, तर मध्य एका क्षणात दहा लाखांनी वर जातो. मी नेहमी मधलाच आकडा सांगायला लागले, तर नाशिकमधला प्रत्येक वकील अशिलाला पहिल्याच दिवशी अव्वाच्या सव्वा मागायला सांगेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून व्यवसायाचे तपशील आणि आकडे बदलले आहेत. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला एक फॅब्रिकेशनवाला. त्याने एका मोठ्या कंपनीला इलेक्ट्रिक पॅनलची कपाटं पावडर कोटिंग करून दिली. कंपनीने ४२ लाखांची बिलं अडवली, कारण साइटवर कपाटांना गंज आला. रक्कम तीन लाखांच्या वरची आणि वाद व्यावसायिक. अशा वेळी तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दावा लावण्याआधी मध्यस्थी करावीच लागते. २०१८ मध्ये व्यावसायिक न्यायालय कायद्यात कलम १२-अ आलं आणि ते सक्तीचंच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तसं हे प्रकरण माझ्याकडे आलं.

कंपनीच्या माणसाने कपाटाचं एक दार सोबत आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. मधला पृष्ठभाग अगदी स्वच्छ होता. बिजागरीजवळ आणि कापलेल्या कडांवर मात्र कोटिंग फुगून पापुद्रा सुटला होता आणि खालून तांबूस गंज दिसत होता. कंपनीचं म्हणणं, कोटिंगच्या आधीचं फॉस्फेटिंग नीट केलेलं नाही. फॅब्रिकेशनवाल्याचं म्हणणं, माल साइटवर दोन पावसाळे उघड्यावर पडला होता आणि कडांवर कोटिंग मुळातच पातळ बसतं. दार बघून दोन्ही गोष्टी शक्य वाटत होत्या. कोर्टात तज्ज्ञाचा अहवाल, त्यावर उलटतपासणी, आणि निकाल कुणाच्या बाजूने लागेल याची खात्री कुणालाच नाही. ही अनिश्चितता दोघांनी मनातून मान्य केल्यावरच आकड्यांना अर्थ येतो. म्हणून पहिली बैठक मी दारावरच घालवली, पैशावर नाही.

मग आकडे सुरू झाले. ४२ आणि ८. मग ४१ आणि ९. मग ३९ आणि १०, आणि तिथे गाडी थांबली. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "मॅडम, मी तीन लाख सोडले, त्यांनी दोन दिले. आता पहिलं पाऊल त्यांचं." शेजारच्या खोलीत कंपनीचा माणूस म्हणाला, "आम्ही आठवरून दहावर आलो. ते अजून चाळीसच्या आसपासच आहेत, मग आम्ही पुढे कशाला यायचं?"

हे ऐकलं की मला कळतं, की अडलेलं घोडं पैशाचं नाही, पहिल्या पावलाचं आहे. मोठी उडी मारली आणि समोरचा जागचा हलला नाही, तर ती उडी फुकट गेली, ही दोघांची भीती. ती अगदी रास्त आहे. ब्रॅकेट याच भीतीवरचा उपाय आहे.

ब्रॅकेट म्हणजे अट घालून दिलेला आकडा. मी फॅब्रिकेशनवाल्याला वेगळ्या बैठकीत विचारलं, "ते कुठवर आले तर तुम्ही मोठी उडी घ्याल? आणि कुठवर?" त्याने त्याच्या वकिलाशी बोलून सांगितलं: ते १८ वर आले तर मी ३४ वर येईन. हा देकार त्याच्या परवानगीने मी कंपनीकडे नेला. कंपनीने तो नाकारला आणि उलट आपला दिला: ते २६ वर आले तर आम्ही १४ देऊ.

वरवर बघता काहीच झालं नाही. ब्रॅकेट नाकारलं गेलं की दोघं जुन्या आकड्यांवर परत जातात, म्हणजे ३९ आणि १०, आणि यातच त्याची सोय आहे. कुणाचंही काही सुटलेलं नाही. पण दोन्ही ब्रॅकेटचे मध्य बघा. १८ आणि ३४ चा मध्य २६. १४ आणि २६ चा मध्य २०. तोंडाने २९ लाखांचं अंतर सांगणारी माणसं खरं तर ६ लाखांच्या अंतरावर उभी आहेत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

ब्रॅकेट देताना लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, समोरच्याला खूप ओढायचं आणि स्वतः जागचं हलायचं नाही: ते ३५ वर आले तर मी ३८ वर येईन. याने बोलणी सुरू व्हायच्याऐवजी चिडाचीड होते. असं ब्रॅकेट मी नेतच नाही. आधी त्या माणसाला त्याचा मध्य काढून दाखवते, कारण समोरचा वकील तो क्षणात काढणारच असतो. दुसरी चूक म्हणजे मध्य हा शेवटचा शब्द समजणं. तो इशारा आहे, कबुली नाही. "तुम्ही २६ कबूल केलेत" असं कुणी म्हणालं, की मी तिथेच थांबवते.

आणि कधीकधी दोन्ही मध्य एकमेकांच्या जवळपाससुद्धा नसतात, एकाचा ३६ आणि दुसऱ्याचा ११. अशा वेळी आकड्यांचा खेळ लगेच बंद करावा. त्याचा अर्थ, वस्तुस्थितीवरच दोघांचं जमलेलं नाही. तेव्हा परत दाराकडे जायचं आणि गरज पडली तर दोघांच्या संमतीने एखाद्या जाणकाराला बोलावून माल दाखवायचा.

इथे तशी वेळ आली नाही. मी माझं ब्रॅकेट दोघांसमोर ठेवलं: १७ ते २९ मध्येच बोलायचं, दोघांनी एकाच वेळी हो म्हटलं तरच. दोघांनी मान्य केलं. फॅब्रिकेशनवाला एका दमात दहा लाख उतरला आणि कंपनी सात लाख चढली. एकट्याने हे कुणीच केलं नसतं. पुढे लाखालाखाने सरकत २६ आणि २० वर आले आणि पुन्हा थांबले. आता कारणं नवी नव्हती, तीच परत ऐकू येत होती. कंपनीचा माणूस मोबाइल बघत होता. फॅब्रिकेशनवाल्याने कागद गोळा करायला घेतले. मग दोघांच्या वकिलांनी, वेगवेगळं, मला विचारलं: तुम्ही काही सुचवता का?

प्रस्ताव द्यायची वेळ ती. दोघांनी मागितल्याशिवाय मी देत नाही. आधीपासून माहीत असलं की मॅडम शेवटी आकडा देणारच, तर पक्षकार एकमेकांशी बोलणं सोडून मला पटवायला लागतात.

माझा प्रस्ताव एका पानाचा आणि दोघांना शब्दन् शब्द तोच असतो. उत्तर फक्त हो किंवा नाही. ते ठरलेल्या वेळेपर्यंत, फक्त मला कळवायचं. दोघांचं हो आलं तर तडजोड झाली. एकाचंही नाही आलं तर मी दोघांना एवढंच सांगते की तडजोड झाली नाही. ज्याने हो म्हटलं, त्याचं हो समोरच्याला कधीच कळत नाही. लासलगावच्या लिलावात बोली सगळ्यांच्या कानावर पडते, इथे ती माझ्याजवळ बंद राहते. म्हणूनच माणूस खरं उत्तर देऊ शकतो. उद्या दावा लढायची वेळ आली, तरी तो आपल्या जुन्या २६ वर किंवा २० वरच उभा असतो.

आकडा ठरवताना मी न्याय काय होईल याचा विचार करत नाही, ते कोर्टाचं काम. दोघांनाही नाखुशीने का होईना, हो म्हणता येईल असा आकडा मी शोधते. कंपनीच्या माणसाने मला खासगीत सांगितलं होतं, की २२ पर्यंत त्याला अधिकार आहे, त्यापुढे पुण्याला फोन लावावा लागेल. मी २२ लिहिलं नाही. खासगीत सांगितलेला नेमका आकडा प्रस्तावात टाकला, तर समोरचा सहज ताडतो. फॅब्रिकेशनवाल्याला खरी घाई होती ती पत्र्याच्या व्यापाऱ्याची उधारी फेडायची. त्याला थोडे कमी पण लवकर पैसे चालणार होते. म्हणून लिहिलं: साडेबावीस लाख, जीएसटी धरून. १२ लाख दहा दिवसांत आरटीजीएसने, उरलेले सव्वापाच-सव्वापाच लाखांच्या दोन मासिक हप्त्यांत. हप्ता चुकला तर राहिलेली सगळी रक्कम व्याजासह लगेच देय. नाकारलेला माल फॅब्रिकेशनवाल्याने स्वतःच्या खर्चाने उचलायचा. उरलेल्या बिलांचा दावा सोडायचा. "जीएसटी धरून" हे दोन शब्द गाळले असते, तर हो आल्यावर पुन्हा भांडण लागलं असतं. तसं होताना मी पाहिलं आहे.

मुदत दुसऱ्या दिवशी पाचची. कंपनीचं हो दुपारी आलं. चारच्या सुमारास फॅब्रिकेशनवाल्याचा फोन आला. "मॅडम, त्यांचं काय आलं?" मी सांगितलं नाही. "बरं, तेवीस करा, आत्ता हो म्हणतो." मी म्हटलं, "भाऊ, तेवीस म्हणजे नाही. असंच लिहू का?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "पाचपर्यंत वेळ आहे ना?" पाचला पाच मिनिटं असताना त्याचं हो आलं. करार त्याच संध्याकाळी लिहून घेतला, वकिलांसह सगळ्यांच्या सह्या झाल्या, मगच मंडळी गेली.

प्रस्ताव नेहमी लागू पडतो असं नाही. कित्येकदा एकाचं नाही येतं. तेव्हा मी दुसरा आकडा देत नाही, नाहीतर पहिला आकडा नुसती सुरुवात ठरतो आणि पुढच्या वेळी कुणी तो मनावर घेत नाही. मात्र एक प्रश्न विचारते: अडचण रकमेची होती की हप्त्यांची? हा प्रश्न मी दोघांनाही विचारते, ज्याने हो म्हटलं होतं त्यालाही. एकालाच विचारला, तर कुणी नाही म्हटलं ते उघड होईल. हप्त्यांची अडचण निघाली, तर तेवढ्यापुरती आणखी एक बैठक होते. रकमेची असेल, तर मी तडजोड झाली नाही असं लिहून फाइल बंद करते. त्या अहवालात एकही आकडा नसतो.