पहिलं वाक्य

मंगळवार, रात्र. साडेअकरा वाजून गेलेत.

दिल्लीतल्या इंटर्नशिपच्या खर्चासाठी एका ट्रस्टकडे मदतीचा अर्ज करतेय, त्यातला निबंध आज आप्पांना खोटा वाचून दाखवला. खोटा म्हणजे, एक वाक्य गाळलं.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, "काय लिहिलंयस ते वाच की जरा. इंग्रजीतलं नको, आपलं सांग." मी लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक वाक्य मराठीत करत गेले आणि सुरुवात केली ती दुसऱ्या वाक्यापासून. पहिलं असं आहे, की 2019 च्या पुरानं माझ्या वडिलांना मोडून टाकलं. इंग्रजीत ते छान दिसतं, सणसणीत. समोर बनियनवर सुपारी कातरत बसलेल्या माणसाकडे बघून मराठीत ते तोंडातून निघेना.

ते वाक्य माझं नाहीच. म्हणजे टाइप मीच केलंय. आधी पूर तिसऱ्या परिच्छेदात होता, दोन ओळींत. वैजूनं वाचून सांगितलं, "हे वर घे. असे दोनशे अर्ज वाचतात ते, पहिल्या ओळीत थांबले पाहिजेत." तिला मागच्या वर्षी ही मदत मिळाली, म्हणून ऐकलं. पूर वर गेला. वर गेल्यावर दोन ओळी पुरेनात. मग 'मोडून टाकलं' आलं, 'डोळ्यांदेखत' आलं, आणि शेवटी त्या दिवशी मी वकील व्हायचं ठरवलं, हेही आलं.

त्या दिवशी मी काहीही ठरवलं नव्हतं. मावशीकडे माडीवर बसून चिवडा खात होते. लॉ घेतलं ते सीईटीत बरे मार्क पडले म्हणून.

राग कुणाचा येतोय तेच कळत नाही. पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवड्यांची इंटर्नशिप बार कौन्सिलच्या नियमातच आहे, एका वर्षी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे करायचीच. आणि जिथं खरं शिकायला मिळतं तिथं पैसे मिळत नाहीत. दिल्लीतल्या ज्या वकील मॅडमकडे जायचंय त्यांनी मेलमध्ये दोनच ओळींत कळवलं: 17 नोव्हेंबर ते 13 डिसेंबर या, मानधन नाही. बरं, उन्हाळ्यात आमचं कॉलेज बंद तेव्हा सुप्रीम कोर्टही बरंचसं सुट्टीवर, म्हणून थंडीतच जायचं. जाऊ दे. ज्यांचं घर दिल्लीत आहे त्यांनी... जाऊ दे.

मघाशी बजेटचं पान उघडलं. निबंधापेक्षा ते बरं, तिथं आकडेच लिहायचे असतात. पीजी तिघींत एक खोली, सकाळ-रात्रीच्या जेवणासकट 8,500. दुपारचं जेवण चोवीस दिवस, ऐंशीच्या हिशोबानं 1,920. मेट्रो 1,440. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, स्लीपर, जाऊन-येऊन 1,800. बेरीज 13,660. वैजू म्हणाली होती, "गोल आकडा लिहू नकोस, पंधरा हजार लिहिलंस की अंदाजपंचे वाटतं." हे मात्र तिचं पटलं.

पण खरी गोम बेरजेत नाही, हे आज दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं. पीजीवाल्या काकूंना पहिल्याच दिवशी भाडं अधिक तेवढंच डिपॉझिट लागतं. म्हणजे 17,000. त्यात तिकीट धरलं तर 18,800 रुपये हातात घेऊन गाडीत बसायचं. एकूण खर्चापेक्षा जास्त! डिपॉझिट परत मिळणार, म्हणून ते खर्चात धरता येत नाही. आणि ट्रस्ट अर्धे पैसे आधी देतो, अर्धे अहवाल दिल्यावर. अर्धे म्हणजे 6,830. मधले बारा हजार कुठून आणणार, ते मी कुठंच लिहिलेलं नव्हतं. शिवाय महिनाभर शिकवणी बंद, सात पोरांचे 4,200 बुडणार. त्याला तर फॉर्ममध्ये रकानाच नाही.

गरज का आहे, याचं उत्तर हे आहे. आणि मी तिथं आप्पांना मोडून ठेवलंय.

मघाशी रडले थोडी. मग पाणी प्यायला उठले तेव्हा कपाटावर मूट कोर्टची, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांची, फाइल दिसली आणि हसूच आलं. सर दर वेळी आमची लिस्ट ऑफ डेट्स लाल करून परत द्यायचे. सुप्रीम कोर्टात अर्ज करताना सारांशाबरोबर ती जोडायची असते. डावीकडे तारीख, उजवीकडे काय घडलं ते. सरांचं एकच म्हणणं: उजव्या रकान्यात विशेषण दिसलं की तुमच्याकडे पुरावा नाही असं मी समजतो. दोन वर्षं ही शिस्त अंगी लावून घेतली आणि स्वतःचा अर्ज आला तर 'डोळ्यांदेखत'!

म्हणून बसून तसंच लिहून काढलं. ऑगस्ट 2019, दुकानात पाणी. वह्यांचे गठ्ठे भिजून इतके फुगले की लाकडी कपाटाची दारं उघडेनात, आप्पांनी पहारीनं उचकटली. (हे ठेवलं. विशेषण नाही त्यात.) सप्टेंबर 2019, विमा नाकारला. पॉलिसी आगीची होती, पूर-वादळाचा भाग हप्ता कमी बसावा म्हणून वगळला होता, आणि तसं वगळल्याच्या कागदावर आप्पांची सही होती. ती त्यांनी न वाचता केली होती. त्याच वर्षी कर्ज. जुलै 2021, पुन्हा पाणी, पण या वेळी माल आधीच माडीवर नेलेला. कर्जाचा हप्ता अजून चालू, दरमहा 6,200.

मॅडमच्या चेंबरमध्ये विम्याच्या केसेस बऱ्याच येतात, म्हणून मी त्यांना लिहिलं होतं. एवढं खरं आहे आणि एवढंच लिहिलं. आप्पांच्या त्या कागदासारखे कागद लोक कसे सही करतात आणि कोर्ट ते कसं वाचतं, हे बघायचंय मला. त्याच्यासाठी लहानपणापासूनचं स्वप्न कशाला पाहिजे? शेवटी बजेटखाली दोन ओळी घातल्या: एकूण खर्च इतका, पहिल्या दिवशी हातात लागणारे इतके, आणि शक्य असेल तर पहिला हप्ता अर्ध्याऐवजी मोठा द्यावा.

वैजूला आवडणार नाही. बघू.

बुधवार, सकाळ.

आप्पा दुकानाला निघायच्या आधी परत वाचून दाखवलं. या वेळी सगळं, पहिल्या ओळीपासून. विम्याच्या सहीपाशी मी थबकले. ते म्हणाले, "वाच वाच, केलीय की सही." मग वह्यांवर अडले.

"किती लिहिलंयस?"

"चारशे डझन."

"तीनशे साठ. वरच्या फळीवरचे चाळीस डझन कडेनंच भिजले होते. वाळवून निम्म्या भावानं विकले. ते नुकसानीत कसं धरशील?"

बदललं. त्यांनी चप्पल घातली, दारातनं वळून विचारलं, स्वेटर धरलायस का त्यात? दिल्लीला थंडी असते म्हणे. नव्हता धरला. सांगलीत कुणाकडे असतो स्वेटर. 900 घातले, बेरीज 14,560 झाली, आणि आता अर्धी रक्कम, हातात लागणारे, सगळंच पुन्हा करायला बसलेय. मुदत उद्या रात्री बारापर्यंत आहे.