सही माझ्यासमोर झाली, एवढेच

बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात समोर राहणाऱ्या मावशी गेल्या, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून आपली सही आहे, हे मी जवळजवळ विसरून गेले होते. तेराव्यानंतर काही दिवसांनी त्यांची भाची माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, मावशीने मृत्युपत्र नोंदवलेलं नव्हतं. आता मी ते सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत दाखल केलं आहे. तुम्हाला जबाबाला यावं लागेल."

मृत्युपत्र नोंदवणे सक्तीचे नाही, आणि ते नोंदणीसाठी दाखल करायला मुदतही नाही. करणारी व्यक्ती हयात असताना नोंदले गेले नसेल, तर तिच्या मागे ज्याला त्यातून काही मिळायचे आहे तो, किंवा मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक, ते दाखल करू शकतो. मात्र अशा वेळी सही करणारी व्यक्ती समोर नसते. म्हणून 1908च्या नोंदणी कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याला तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी लागते: मृत्युपत्र त्याच व्यक्तीने केले आहे, ती व्यक्ती मरण पावली आहे, आणि दाखल करणाऱ्याला तसा हक्क आहे. दुसरी गोष्ट मरणाच्या दाखल्यावरून कळते आणि तिसरी मृत्युपत्राच्या मजकुरावरून. पहिलीसाठी साक्षीदाराला बोलवावे लागते. मला बोलावले होते ते तेवढ्याचसाठी, आणि हे मला आधी नीट समजले हे फार बरे झाले.

आदल्या संध्याकाळी भाची पुन्हा आली. तिला धास्ती होती, कारण मावशींच्या मुलाला कचेरीची नोटीस गेली होती आणि तो येणार होता. तिने मला विनवले, "साहेबांना सांगा ना, की मावशीने तुम्हाला सगळं वाचून दाखवलं होतं, आणि दोन्ही साक्षीदार एकदमच हजर होते." मी तिला स्पष्ट सांगितले की मला काहीही वाचून दाखवलेले नव्हते आणि दुसरे साक्षीदार मी पाहिलेच नव्हते. तिचा चेहरा उतरला. वास्तविक या दोन्ही गोष्टींची मृत्युपत्राला गरजच नव्हती. साक्षीदाराला आत काय लिहिले आहे हे माहीत असावे लागत नाही. दोन साक्षीदार हवेत हे खरे, पण दोघे एकाच वेळी हजर असले पाहिजेत असे 1925चा वारसा कायदा म्हणत नाही. प्रत्येकाने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा "ही सही माझीच आहे" असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि मग त्याच्या समक्ष आपली सही केलेली असावी. भाची मला जे खोटे सांगायला सुचवत होती त्याचा तिला काही उपयोग नव्हता, आणि ते पकडले गेले असते तर माझ्या खऱ्या उत्तरांवरही कुणी विश्वास ठेवला नसता. शिवाय नोंदणी अधिकाऱ्यासमोर जाणूनबुजून खोटे सांगणे, मग ते शपथेवर असो वा नसो, सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. हे मी तिला सांगितले ते तिला धमकावण्यासाठी नव्हे, तर माझा नकार तिने मनाला लावून घेऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्हाला आत बोलावले. साहेब गुजराती होते आणि माझा जबाब गुजरातीत लिहिला जाणार होता. मी जन्मापासून बडोद्यात आहे, गुजराती बोलते आणि वाचते. तरी मी विनंती केली की मला मराठीत बोलू द्यावे, कारण अचूक बोलायचे असेल तेव्हा मी मराठीतच विचार करते. ती त्यांनी लगेच मान्य केली. मावशींचा मुलगा भिंतीजवळच्या बाकावर बसला होता. त्याला मी शाळेत जाताना पाहिलेले आहे. त्याच्याकडे न पाहता साहेबांकडे पाहून बोलायचे, एवढे मी मनाशी ठरवले होते.

शपथ झाल्यावर त्यांनी मृत्युपत्र माझ्यापुढे सरकवले आणि विचारले, "एमने सही करतां तमे जोयां हतां?" त्यांनी सही केली तेव्हा तुम्ही पाहिले होते का, असा तो साधा प्रश्न होता. मी म्हटले, "हो, पाहिलं." इथे थांबायला हवे होते. पण गप्प राहणे मला अवघड वाटले आणि मी पुढे म्हणाले, "त्या दिवसांत त्यांची तब्येत बरी नव्हती, म्हणून मीच त्यांच्या घरी गेले होते." साहेबांची लेखणी थांबली. कसली तब्येत, कोणती औषधे चालू होती, त्या औषधांनी गुंगी येत असे का, असे तीन प्रश्न लागोपाठ आले, आणि बाकावरचा मुलगा पुढे सरकून बसला. मावशींचा गुडघा दुखत होता आणि त्यांना जिना उतरवत नव्हता, एवढेच माझ्या म्हणण्याचे तात्पर्य होते. मी तसे सांगितले. औषधांबद्दल मला माहीत नाही, असेही सांगितले. पण "तब्येत बरी नव्हती" हे तीन शब्द जबाबात उतरले ते उतरलेच, आणि उद्या कुणी वकील त्यांवर बोट ठेवू शकेल. ते खोटे नव्हते, पण विचारलेलेही नव्हते.

त्यानंतर मी प्रत्येक प्रश्न पूर्ण ऐकून घेऊ लागले, क्षणभर थांबू लागले आणि मगच बोलू लागले.

पुढचा प्रश्न तारखेचा होता. तारीख मला आठवत नव्हती. अंदाजाने सांगता आली असती, कारण कागद समोरच होता आणि वरच्या बाजूला तारीख छापलेली होती. पण ती टंकलेखकाने घातलेली तारीख, तिची जबाबदारी मी कशी घेणार? माझ्या सहीखाली मात्र माझ्या हाताने लिहिलेली तारीख होती. बँकेत तीस वर्षे नोकरी केल्यामुळे सहीखाली तारीख घातल्याशिवाय माझा हात कागदावरून उठत नाही. मी म्हणाले, "तारीख आता आठवणीत नाही. पण सहीखालची तारीख माझ्या अक्षरात आहे आणि ती मी सही करतानाच घातली." आठवण कोणती आणि कागदावरून सांगितलेले कोणते, हे वेगळे ठेवल्यामुळे त्यावर पुढे काहीच विचारले गेले नाही.

मग मुलाने साहेबांना काही सांगितले आणि साहेबांनी मला विचारले, "त्या वेळी मावशी शुद्धीत होत्या का, त्यांना समजत होतं का?" या प्रश्नाला "हो, अगदी" असे उत्तर देण्याचा मोह होतो. परंतु समजत होते की नाही हे मी पाहू शकत नाही. त्यांनी काय केले आणि काय बोलल्या हे मी पाहिले व ऐकले. म्हणून मी तेवढेच सांगितले. त्यांनी मला कपाटावरचा चष्मा आणायला सांगितला. कागदाची पाने स्वतः मोजली, चार होती. प्रत्येक पानाच्या खाली सही केली, आणि तिसऱ्या पानावर शाई पसरली तेव्हा "थांब, वाळू दे" असे म्हणून पान बाजूला ठेवले. नंतर मला म्हणाल्या, "हे माझं मृत्युपत्र आहे, तू साक्षीला सही कर." तिसऱ्या पानावरचा शाईचा डाग अजून दिसत होता. साहेबांनी पान उलटून तो पाहिला.

"आत काय लिहिलं होतं?" असे विचारल्यावर मी म्हटले, "मला माहीत नाही, मी वाचलं नाही." दुसऱ्या साक्षीदाराबद्दल विचारल्यावर म्हटले, "मी सही केली तेव्हा त्या जागी दुसरी सही नव्हती. ती नंतर कधी झाली, ते मला माहीत नाही." इथे लिहून घेणाऱ्या कारकुनाने "याद नथी" असे लिहिले. मी हात वर केला. "आठवत नाही" म्हटले की एकेकाळी माहीत होते असा अर्थ होतो, आणि मला तर ते कधीच माहीत नव्हते. साहेबांनी ते "खबर नथी" असे करून घेतले.

सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र शेवटी आला. नोंदणी कायद्यानुसार अधिकारी जबाबाचा सारांश लिहून घेऊ शकतो, पण तो जबाब देणाऱ्याला वाचून दाखवावा लागतो, भाषा येत नसेल तर समजावून सांगावा लागतो, आणि देणाऱ्याने तो बरोबर आहे असे मान्य केल्यावर अधिकारी त्यावर सही करतो. कारकून भरभर वाचत होता. मी त्याला सावकाश वाचण्याची विनंती केली. मधल्या एका ओळीत शब्द आले, "बन्ने साक्षीओनी रूबरू सही करी." दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष. हे मी म्हणालेच नव्हते. कारकुनाचा काही वाईट हेतू नव्हता. अशा जबाबांत ते वाक्य नेहमीच येते आणि सवयीने त्याच्या हातून लिहिले गेले. पण भाचीने आदल्या संध्याकाळी माझ्याकडे जे मागितले होते आणि मी नाकारले होते, तेच माझ्या नावावर कागदावर आले होते. भाची माझ्याकडे पाहत होती. वाक्य तसेच राहिले असते तर त्या दिवशी कोणाचेही नुकसान झाले नसते. पण उद्या दुसऱ्या साक्षीदाराने "मी नंतर एकटाच गेलो होतो" असे खरे सांगितले असते, तर आम्हा दोघांपैकी एक खोटा ठरला असता आणि त्याबरोबर मृत्युपत्रही संशयात आले असते.

मी म्हणाले, "साहेब, सही माझ्यासमोर झाली, एवढंच मी म्हटलं आहे. दुसऱ्यांचं मी सांगू शकत नाही." त्यांनी ती ओळ खोडून "मारी रूबरू" असे लिहिले आणि खोडलेल्या जागी स्वतःची आद्याक्षरे घातली. मग संपूर्ण जबाब पहिल्यापासून पुन्हा वाचून घेतला. त्यांची सही झाली. माझी सही घेतली तेव्हा मी खाली तारीख घातली.

दुसऱ्या साक्षीदारांचा जबाब आठवड्याने झाला, आणि काही दिवसांनी मृत्युपत्र नोंदले गेले. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाले असे होत नाही, हे भाचीला तिच्या वकिलांनी सांगितले आहे. मुलगा कोर्टात गेला, तर साक्षीदाराला तिथे पुन्हा उभे राहावे लागेल आणि समोरच्या वकिलाची उलटतपासणीही असेल. त्या दिवशी घरी येऊन मी चार पाने, चष्मा, तिसऱ्या पानावरचा डाग आणि मावशींचे शब्द, जसे आठवत होते तसे, वहीत उतरवून ठेवले. ज्या गोष्टी मला माहीत नाहीत, त्याही शेवटी लिहिल्या आहेत.