खात्री करून घ्या, पण कुठली?

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका एजन्सीकडून काम आलं. अकरा मिनिटांचा इंग्रजी ट्रेनिंग व्हिडिओ, विषय मशीनच्या दुरुस्तीआधी लॉकआउट कसं करायचं, म्हणजे मशीन बंद करून त्याला कुलूप कसं लावायचं. बघणार कोण, तर कारखान्यातले ऑपरेटर आणि हेल्पर. मी सांगलीत विश्रामबागेत घरूनच भाषांतराचं काम करते. आमच्यापासून कुपवाडची एमआयडीसी जवळच आहे, त्यामुळे ही माणसं मला अगदीच परकी नव्हती.

एजन्सीचे नियम ठरलेले होते. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत ४२ अक्षरं, सेकंदाला १७ अक्षरं, कुठलंही सबटायटल एका सेकंदापेक्षा कमी नाही आणि सातपेक्षा जास्त नाही. मी पहिल्या दिवशी मन लावून भाषांतर केलं, ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये भरलं आणि मर्यादा ओलांडल्यामुळे निम्मी यादी लाल झाली.

थोडा दोष सॉफ्टवेअरच्या मोजण्याचा होता. त्याला आपलं अक्षर कळत नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं तो वेगळं मोजतो. ‘दुरुस्तीआधी’ आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, सॉफ्टवेअर त्याचे अकरा धरतो. नुसत्या ‘स्ती’चे चार. मी एजन्सीला हे उदाहरण पाठवलं, तर त्यांनी मराठीसाठी मर्यादा १७ वरून २० केली. मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. पण खरा दोष माझ्या मराठीत होता, ते एका वाक्यावर अडल्यावर कळलं.

निवेदक पाच सेकंदांत म्हणतो की कुठलीही दुरुस्ती सुरू करण्याआधी मशीन सगळ्या ऊर्जास्रोतांपासून पूर्ण वेगळं झालंय आणि तुमचं स्वतःचं कुलूप लागलंय, याची खात्री करा. माझं पहिलं भाषांतर असं होतं: ‘कोणतेही दुरुस्तीचे काम सुरू करण्यापूर्वी यंत्र सर्व ऊर्जास्रोतांपासून पूर्णपणे विलग करण्यात आले आहे आणि आपले वैयक्तिक कुलूप लावण्यात आले आहे याची खात्री करून घ्यावी.’ सॉफ्टवेअरच्या हिशेबाने १६५, म्हणजे सेकंदाला ३३. कार्यालयीन परिपत्रकात हे वाक्य खपलं असतं. ‘करण्यात आले आहे’, ‘लावण्यात आले आहे’ असं दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा काम कोणी करायचं ते सांगतच नाही.

मग कापाकापी. आज्ञार्थ आणला की निम्मं वजन उतरतं. ‘कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी’ची गरज नाही, ‘दुरुस्तीआधी’ पुरतं. ‘पूर्णपणे’ तर ‘सगळा’मध्ये आलंच. उरलं ते असं: ‘दुरुस्तीआधी सगळा पुरवठा तोडा. स्वतःचं कुलूप लावा.’ सेकंदाला जेमतेम दहा. मी खूश. ‘खात्री करून घ्या’ हा शब्दप्रयोग निवेदक जवळजवळ प्रत्येक वाक्यात वापरत होता, तो मी सरसकट उडवला. लाल यादी दोन दिवसांत साफ झाली.

आमच्या खालच्या मजल्यावरचे तात्या कुपवाडला प्रेस शॉपमध्ये असतात. रविवारी त्यांना चहाला बोलावलं आणि आवाज बंद करून व्हिडिओ लावला. एजन्सी सांगून होती की शॉप फ्लोअरच्या गोंगाटात आवाज ऐकू येणारच नाही. तात्या ओठ हलवत वाचतात. पहिल्या दोन मिनिटांतच म्हणाले, “ताई, वाचून हुईस्तवर गेलं की ओ. मशीन बघू का अक्षरं बघू?” ती सबटायटलं १८-१९ च्या वेगाची होती, म्हणजे मी भांडून मिळवलेल्या मर्यादेच्या आतलीच. वाचताना डोळा चित्रावरही जायला हवा, हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं. नंतर मी स्वतःसाठी १४ ची रेघ आखली. जिथे बसेना तिथे बोलणं संपल्यावरच्या शांततेत सबटायटल अर्धा-पाऊण सेकंद रेंगाळू दिलं.

पुढे कुलपाचं वाक्य आलं. तात्यांनी विचारलं, “पुरवठा म्हंजे लाईटच न्हवं का?”

इथे माझा चहा गार झाला. हायड्रॉलिक प्रेसमध्ये मेन स्विच बंद केला तरी ऑइलचा दाब राहू शकतो, हवेच्या लाइनमध्ये हवा कोंडलेली असते. त्यासाठीच तर निवेदक ‘सगळ्या’ ऊर्जास्रोतांवर जोर देत होता. माझा आटोपशीर शब्द वाचायला सोपा होता आणि अर्थाला तोकडा. शेवटी ते असं झालं:

```
38
00:03:12,400 --> 00:03:17,400
दुरुस्तीआधी वीज, हवा, ऑइल सगळं बंद करा.
कुलूप स्वतःचंच लावा.
```

अक्षरं दहा-अकरा वाढली, तरी वेग बारापर्यंतच गेला. ‘वैयक्तिक’चं काम तो शेवटचा ‘च’ करतो.

त्याच्या पुढच्या मिनिटात तात्या पुन्हा थांबले. “कुलूप लावलं, लगीच पाना हातात? बटण दाबून बघायचं राह्यलं की.” मी इंग्रजी पुन्हा ऐकलं. निवेदकाने तिथेही ‘खात्री करून घ्या’ म्हटलं होतं, पण इथे ती बोलायची लकब नव्हती, ती एक पायरी होती: कुलूप लावल्यावर स्टार्ट दाबून बघायचं, मशीन खरंच मेलंय ना ते. चित्रात फक्त एक हात बटणाकडे जाताना दिसतो, तोही क्षणभर. मी उडवलेल्या सगळ्या ‘खात्री’ परत काढून एकेक तपासल्या. बहुतेक खरंच भरताड होत्या. या एका जागी दोन ओळी घातल्या: ‘आता स्टार्ट दाबून बघा. / मशीन सुरू होता कामा नये.’

एक गोष्ट मात्र तात्यांना खटकली नाही, मलाच रात्री खटकली. गार्ड, म्हणजे मशीनवरचं संरक्षक झाकण, उघडा ठेवून मशीन थोडा वेळसुद्धा चालवू नका, असं वाक्य आठ सेकंदांचं होतं, म्हणून मी ते दोन सबटायटलांत तोडलं होतं. इंग्रजीत मनाई पहिल्या शब्दातच येते. आपल्याकडे ती शेवटी. त्यामुळे पहिल्या सबटायटलवर होतं ‘गार्ड उघडा ठेवून मशीन थोडा वेळसुद्धा’ आणि ‘चालवू नका’ पुढच्यावर. आणि नेमकं त्याच वेळी चित्रात एक माणूस गार्ड उघडा ठेवून मशीन चालवताना दाखवलाय, चुकीचं उदाहरण म्हणून. चार सेकंद पडद्यावर चूकच शिकवली जात होती. ते बदलून पहिल्यावर ‘गार्ड उघडा? मशीन चालवू नका.’ आणि दुसऱ्यावर ‘मिनिटभरसुद्धा नाही.’ असं केलं. मग अख्ख्या फाइलमध्ये ‘नका’ आणि ‘नये’ शोधून पाहिले. आणखी तीन ठिकाणी हाच घोटाळा सापडला.

एजन्सीच्या तपासनीस बाईंनी ३८ नंबरवर शेरा मारला: मूळ शब्द ‘ऊर्जास्रोत’ आहे, ‘ऑइल’ कुठून आलं? मी त्यांना तात्यांचा ‘लाईट’वाला प्रश्न जसाच्या तसा लिहून पाठवला. संध्याकाळी मंजुरी आली.

व्हिडिओवर चिकटवलेला नमुना दोन दिवसांनी आला, तर सगळ्या पहिल्या वेलांट्या अक्षराच्या पलीकडे गेलेल्या आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी. फाइल यूटीएफ-८ मध्येच होती, माझ्याकडे नीट दिसत होती. त्यांच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मजकूर मांडायची सेटिंग दक्षिण आशियाई लिपींसाठीची निवडलेली नव्हती. ती बदलल्यावर पुन्हा पाठवलेला नमुना मी खाली जाऊन तात्यांच्या मोबाइलवर लावला. ते शेवटपर्यंत मध्ये काही बोलले नाहीत. संपल्यावर फक्त विचारलं, “आमच्या सायबाला दावू का ह्यो?” एजन्सीची परवानगी नव्हती, नाही म्हणावं लागलं.