बहुजनात कोण कोण?

मराठीतून हिंदीत भाषांतर करते म्हटलं की लोक हसतात. लिपी एक, निम्मे शब्द एक, मग त्यात करायचं काय? मग 'शिक्षा' आणि 'चेष्टा' यांचे विनोद होतात. हे शब्द कोणीच चुकत नाही. शाळकरी मुलालाही माहीत असतं की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. चुका होतात त्या हिंदीत गेल्यावरही वाक्य सुरळीत वाचलं जातं तिथे.

गेल्या वर्षी माझ्याकडे आलेला शोधनिबंध ब्राह्मणेतर चळवळीवरचा होता. शाहू महाराजांच्या काळापासून 1948 च्या शेतकरी कामगार पक्षापर्यंतचा पट, लेखक महाराष्ट्रातले एक ज्येष्ठ प्राध्यापक, आणि तो छापणार होतं हिंदी प्रदेशातलं एक समाजविज्ञान नियतकालिक. पहिला मसुदा करायच्या आधी मी नेहमीप्रमाणे शब्दांची वही केली. 'कोल्हापूर संस्थान' तसंच ठेवलं तर हिंदी वाचकाला कोल्हापुरातली एखादी शिक्षणसंस्था वाटेल, कारण तिकडे संस्थान म्हणजे इन्स्टिट्यूट. म्हणून 'रियासत'. 'संशोधन' म्हणजे तिकडे घटनादुरुस्तीतली दुरुस्ती, म्हणून 'शोध'. 'मुलाखत'चं 'साक्षात्कार' करायचं, मग आपल्याकडे तो तुकोबांनाच होत असला तरी चालेल. 'सार्वजनिक अवकाश' मात्र गंमतशीर. आपल्याकडे अलीकडच्या वैचारिक लेखनात हा शब्द समाज जिथे एकत्र येऊन बोलतो, वाद घालतो त्या जागेसाठी वापरतात. हिंदीत तो सरकारी सुट्टी. 'सार्वजनिक क्षेत्र' करावं तर सरकारी कारखाने डोळ्यांपुढे येतात. हिंदीतल्या अभ्यासकांनी 'लोकवृत्त' हा चांगला शब्द रुळवला आहे, तो घेतला.

इथवरचं काम कोशाच्या आणि चार हिंदी निबंधांच्या आधाराने होतं. कोशापेक्षा निबंध जास्त उपयोगी. परिभाषा कोश शब्द काय असावा ते सांगतो, लोक काय लिहितात ते सांगत नाही. सरकारी कोशांतले निम्मे शब्द कोशातच जन्मले आणि तिथेच वारले.

'बहुजन' या शब्दापुढे मी वहीत काहीच लिहिलं नव्हतं. हिंदीत आहेच की. मसुदा तयार करताना तो तसाच ठेवला, पण एका वाक्यापाशी थांबले. निबंधात म्हटलं होतं की विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बहुजन समाज आणि अस्पृश्य समाज यांच्यातलं अंतर वाढत गेलं. मराठीत या वाक्यात काहीच खटकत नाही. त्या काळच्या ब्राह्मणेतर राजकारणात बहुजन समाज म्हटलं की व्यवहारात मुख्यतः मराठा-कुणबी शेतकरी आणि त्यांच्यासोबतच्या कारागीर जाती समोर येत. 1919 च्या सुधारणांत मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात राखीव जागा आल्या, त्या राजकारणाचा हा शब्द. आजही आपण 'दलित-बहुजन' असा जोडशब्द वापरतो, म्हणजे कुठेतरी ते दोन आहेत हे धरूनच चालतो.

हिंदी वाचकाचा बहुजन 1984 चा आहे. कांशीराम यांनी बहुजन समाज पक्ष काढला तेव्हापासून तिकडे बहुजन म्हणजे अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक, आणि त्याच्या केंद्रस्थानी दलित. गंमत अशी की कांशीराम यांनी पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली होती आणि आंबेडकरी विचारांशी त्यांची गाठ इथेच पडली. म्हणजे 'बहुजन' ज्या भाषेत आणि ज्या शहरात आधीपासून राजकारणात होता, तिथे राहिलेल्या माणसाने तो उत्तरेत नेऊन त्याचा मध्यबिंदू हलवला. आता मी तोच शब्द जुन्या अर्थाने त्याच उत्तरेत पाठवत होते.

मसुद्यात मी त्या वाक्याच्या बाजूला टीप टाकली. ती वाचण्याआधीच नियतकालिकाच्या परीक्षकाने पानाच्या कडेला लिहिलं होतं : 'अंतर्विरोध। अस्पृश्य तो स्वयं बहुजन हैं।' त्याची चूक नव्हती. त्याच्या भाषेत ते वाक्य खरंच स्वतःला खोडत होतं.

पर्याय शोधायला बसले. 'ग़ैर-ब्राह्मण' म्हटलं तर अस्पृश्यही त्यात येतात, आणि पारशी, जैनसुद्धा. 'किसान जातियाँ' म्हटलं तर सुतार, लोहार, कुंभार यांचं काय? 'मराठा-कुणबी और सहवर्ती जातियाँ' अचूक, पण त्यातला दावाच जातो. आम्ही बहुसंख्य आहोत, म्हणून सत्ता आमची, हा दावा या शब्दात होता. जातींची यादी करून तो उरत नाही. शिवाय 'मराठा' म्हटलं की हिंदीत पुष्कळांना अजून अख्खा महाराष्ट्र, नाहीतर पेशव्यांची फौज आठवते.

सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अहो, निबंधाचा मुद्दाच तो आहे. हा शब्द सरकत गेलाय. मी सुरुवातीला जुन्या अर्थाने वापरलाय, शेवटी नव्या. तुम्हाला दिसलं ना?" दिसलं होतं. पण मराठी वाचकाला ते सरकणं ऐकू येतं, कारण दोन्ही अर्थ त्याच्या कानात आहेत. हिंदी वाचकाकडे एकच आहे. तो पहिल्या पानापासून शेवटचाच अर्थ धरून वाचणार.

म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. 'बहुजन' जिथे जिथे आला तिथे खूण करून बाजूला लिहिलं : कोण बोलतंय, कधीचं, आणि अस्पृश्य त्यात धरलेत की वगळलेत. जुन्या वृत्तपत्रांतली, भाषणांतली अवतरणं मी हलवू शकत नव्हते. तिथे शब्द तसाच आणि पहिल्या वापरापाशी मजकुरातच एक वाक्य जोडलं की इथे बहुजन म्हणजे कोण. तळटीप नको, कारण तळटिपा लोक वाचत नाहीत. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यांत, जुना अर्थ असेल तिथे 'तत्कालीन बहुजन समाज' केलं. परीक्षकाला खटकलेल्या वाक्यात अंतर कोणाकोणात ते उघड लिहिलं. सरांनी हे सगळं पाहून मान्य केलं. जोडलेलं वाक्य तर त्यांनी मराठी आवृत्तीतही घेतलं.

संपादकांना ते वाक्य लांबलचक वाटलं. "पाठक बहुजन का अर्थ जानता है," ते म्हणाले. जाणतो म्हणूनच ते हवं होतं, हे त्यांना पटवायला बरीच पत्रापत्री झाली. हिंदी विद्वानांचा हा एक खास गुण आहे : महाराष्ट्रातून आलेला संस्कृत शब्द ते आपला समजून घेतात आणि मग मराठी लेखकाचं व्याकरण तपासतात. अर्थात आपणही बंगालीतून आलेल्या शब्दांशी तेच करतो.

वाक्य राहिलं. पण छापलेल्या अंकात सारांशाखाली बीजशब्दांमध्ये 'बहुजन राजनीति' आलं होतं, आमच्यापैकी कोणीही न दिलेलं. ते शोधून निबंधापर्यंत येणारा वाचक मायावतींवरचं काहीतरी मिळेल म्हणून येणार आणि त्याला भेटणार ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे. सर म्हणाले, राहू द्या, निदान वाचेल तरी. मला अजून ते पटलेलं नाही. समारोपातल्या एका वाक्याबद्दलही माझं ठरलेलं नाही : तिथे दोन्ही अर्थ एकाच वेळी हवे होते, म्हणून 'तत्कालीन' न लावता मी नुसता 'बहुजन' ठेवला, आणि परीक्षकाने त्यावर काहीच खूण केली नाही.